कावळ्याचं घर आणि दहावी स्लाइड

पहिला जोरदार पाऊस पडला की चिऊ-काऊ फोनवर येतात. निळं-पिवळं चित्र, मोठ्या डोळ्यांची चिमणी, भिजून चिंब झालेला कावळा. स्वाइप करत गेलं की शेवटी एक रंगीत चौकट येते आणि तिच्यात ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'तात्पर्य'. गंमत अशी की गोष्ट तीच असूनही हे तात्पर्य जागोजागी बदलतं. एका ठिकाणी 'मेहनतीने बांधलेलं घरच टिकतं', दुसरीकडे 'संकटात शेजाऱ्याला मदत करा', तिसरीकडे 'आपली जबाबदारी आधी, बाकी सगळं नंतर'. म्हणजे कावळा आळशी, चिमणी स्वार्थी किंवा चिमणी आदर्श आई. तीन वेगळे निकाल, आणि त्याआधीच्या स्लाइड मात्र जवळपास सारख्याच.

तुमच्यापैकी अनेकांना हे काम कधी ना कधी करावं लागणार आहे. मास मीडियाच्या असाइनमेंटमध्ये, डीएलएड-बीएडच्या सराव पाठात, एनएसएसच्या शिबिरात गावातल्या पोरांसमोर प्रोजेक्टर लावताना, किंवा एखाद्या पेजसाठी इंटर्नशिप करताना. सूचना साधारण ठरलेली असते: लहान मुलांसाठी एक लोककथा, दहा स्लाइड, शेवटी बोध. ऐकायला एकदम सोपं. पण त्या दहाव्या स्लाइडपायी आधीच्या नऊ स्लाइडचं काय होतं, ते चिऊ-काऊच्या गोष्टीत फार स्पष्ट दिसतं.

आधी हिशोब बघू. इन्स्टाग्रामवर एका पोस्टमध्ये अनेक चित्रं टाकायची सोय २०१७ मध्ये आली तेव्हा मर्यादा दहाची होती. २०२४ मध्ये ती वीस झाली, पण दहाची सवय काही सुटलेली नाही. या दहातली पहिली स्लाइड शीर्षकाची. शेवटची 'आवडली तर सेव्ह करा, फॉलो करा' वाली. तिच्या आधीची तात्पर्याची. उरल्या सात. त्यातही दुसरी स्लाइड जोरदार लागते, कारण तुम्ही पहिली बघून पुढे गेलात तर इन्स्टाग्राम तीच पोस्ट पुन्हा समोर आणताना अनेकदा थेट दुसरी स्लाइड दाखवतं. मग दुसऱ्याच स्लाइडवर कावळ्याचं घर वाहून जातं. हाताशी राहतात सहा.

आता गोष्ट आठवा. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. मोठा पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं, कावळा चिमणीच्या दारात येतो. चिमणी आतून सांगते, थांब, बाळाला न्हाऊ घालतेय. तो थांबतो, पुन्हा दार वाजवतो. थांब, अंग पुसतेय. मग अंगडं-टोपडं, मग काजळ, मग तीट, मग झोपवणं. सांगणाऱ्याला जितका दम तितकी कारणं. शेवटी दार उघडतं.

या गोष्टीचा जीव त्या दारात आहे. लहान मूल ही गोष्ट घर वाहून गेलं म्हणून ऐकत नाही. पुढचं कारण काय येणार, हे त्याला ठाऊक असतं म्हणून ऐकतं. आजी 'थांब' म्हणायच्या आतच ते स्वतः 'थांब' म्हणतं. आपल्या घरात रोज आंघोळीनंतर जे जे होतं ते सगळं त्या मेणाच्या घरात चाललंय आणि बाहेर कुणीतरी भिजतंय, या दोन गोष्टी एकाच वेळी मनात धरायला ते शिकतं. त्यासाठी दार किमान चार-पाच वेळा वाजावं लागतं. एकदा वाजून भागत नाही.

पण हाताशी सहाच स्लाइड असल्या की कात्री इथेच लागते. 'चिमणीने बरीच कारणं सांगितली आणि कावळा बाहेर भिजत राहिला.' एक वाक्य, एक स्लाइड, विषय संपला. डिझाइन करणाऱ्याला त्यात काहीच खटकत नाही, कारण पुनरावृत्ती म्हणजे फुकट गेलेली जागा असं आपल्याला कॉपीरायटिंगच्या पहिल्याच लेक्चरला शिकवलेलं असतं. इथं मात्र पुनरावृत्ती हाच माल होता. तो काढून टाकल्यावर उरतो तो सारांश. आणि नुसत्या सारांशातून काही हाताला लागत नाही, म्हणून मग तात्पर्य चिकटवावं लागतं.

आता शेवटाकडे येऊ, कारण तात्पर्य ठरतं ते शेवटावरून. मराठी घरांत या गोष्टीचे शेवट एकसारखे नाहीत. काही घरांत चिमणी दार उघडते, कावळ्याला शेकायला म्हणून तापलेल्या तव्यावर बसवते आणि बिचाऱ्याला चांगलाच चटका बसतो. काही ठिकाणी कावळा रात्रभर कुडुमकुडुम आवाज करत चिमणीने साठवलेलं धान्य खातो, आणि तिने विचारलं की सुपारी चघळतोय म्हणून थाप मारतो. काही घरांत तो गुपचूप कोपऱ्यात झोपी जातो आणि गोष्ट तिथेच थांबते. ऐकणारं मूल जागं आहे की डोळे मिटायला लागलंय, यावरही शेवट ठरतो.

तव्याचा शेवट घेतला तर चिमणी क्रूर ठरते. धान्याचा घेतला तर तिने दार उशिरा उघडलं हेच शहाणपण ठरतं. झोपी जाण्याचा घेतला तर निकालच लागत नाही. बहुतेक कॅरोसेल तवाही टाळतात आणि धान्यही, कारण मुलांना चटका दाखवायचा नाही आणि चोरीही दाखवायची नाही. राहतं ते गोडगोड आलिंगन. पण मग गोष्टीतून कुठलाच बोध आपोआप निघत नाही, आणि तो बाहेरून आणावा लागतो.

बाहेरून म्हणजे कुठून? 'मेहनतीने बांधलेलं घरच टिकतं' या तात्पर्याचा पत्ता बघा. मूळ चिऊ-काऊमध्ये कावळा आळशी होता असं कुणी म्हणत नाही. त्याचं घर शेणाचं आहे, एवढंच आहे. आणि ज्या महाराष्ट्रात ही गोष्ट सांगितली गेली तिथे शेण म्हणजे काही निष्काळजीपणाची खूण नव्हती. अंगण, ओटा, भिंत सगळं शेणानेच सारवलं जायचं, आणि ते काम रोज, वाकून, हाताने व्हायचं. आळशी कावळा आपल्याकडे आला आहे तो इंग्रजी शाळेतल्या तीन डुकरांच्या गोष्टीतून. गवताचं घर, काटक्यांचं घर, विटांचं घर.

त्या गोष्टीचंही पूर्वी असं नव्हतं. जोसेफ जेकब्स यांनी १८९० मध्ये इंग्रजी परीकथांच्या संग्रहात ती छापली, त्यात पहिल्या डुकराला वाटेत गवताचा भारा घेतलेला माणूस भेटतो, दुसऱ्याला काटेरी झुडपांचा, तिसऱ्याला विटांचा. ज्याला जे मिळालं त्याचं त्याने घर बांधलं. पहिल्या दोघांना लांडगा खातो. ते आळशी होते म्हणून खाल्लं, असं तिथे म्हटलेलंच नाही. पहिली दोन डुकरं गाणी म्हणत बसणारी आणि तिसरं घाम गाळणारं, ही मांडणी जगभर पोचवली ती १९३३ च्या डिस्नेच्या कार्टूनने. त्यात पहिली दोघं मरतही नाहीत, तिसऱ्याच्या विटांच्या घरात पळून जातात. अमेरिकेत महामंदी चालू होती, लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, आणि कष्ट करणारा वाचतो हे तेव्हा ऐकायला हवंहवंसं होतं. आपल्या दहाव्या स्लाइडवरचा 'मेहनती चिमणी'चा बोध हा त्या कार्टूनचा नातेवाईक आहे, आजीचा नाही.

हे फक्त गोष्टींच्या अभ्यासकांनी भांडत बसण्यासारखं आहे का? मला नाही वाटत. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत पाणी शिरलं तेव्हा विटांची घरंही गेली. मुंबईत दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या वस्तीत घरात पाणी येतं. शाळेच्या प्रोजेक्टरवर चिऊ-काऊ बघणाऱ्या वर्गात अशा घरातलं एखादं तरी मूल असणारच. नऊ स्लाइड ते कावळ्याबरोबर दारात उभं असतं, कारण पाऊस म्हणजे काय ते त्याला ठाऊक आहे. आणि दहावी स्लाइड त्याला सांगते, घर गेलं ते तुझ्या बाबांनी नीट मेहनत केली नाही म्हणून. वर्ग ते वाक्य एका सुरात मोठ्याने वाचतो. बाई किंवा सर पुढच्या धड्याकडे वळतात. त्या मुलाला उलट प्रश्न विचारायला जागाच नाही, कारण त्यानंतर स्लाइडच नाही.

तात्पर्य शेवटी ठेवण्यातली मुख्य गडबड हीच आहे. वाक्य चुकीचं असू शकतं, तसं ते कुठेही असू शकतं. पण शेवटच्या स्लाइडवर बसलं की ते निकालपत्र होतं.

शेवटी बोध ही काही मोबाइलची देणगी नाही, हेही खरं. छापील पुस्तकात हे आधीच आलं होतं. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची मराठी 'इसापनीतिकथा' १८२८ ची. आणि 'तात्पर्य' हा शब्द आपल्या कितीतरी पिढ्यांच्या डोक्यात इसापनीतीमुळेच बसलेला आहे. फ्रान्समध्ये शार्ल पेरो यांनी १६९७ मध्ये परीकथा छापल्या तेव्हा प्रत्येक गोष्टीखाली पद्यात बोध दिला. पण पेरो जरा मिश्कील होते. सिंड्रेलाच्या गोष्टीखाली त्यांनी एक नाही, दोन बोध दिले. पहिला म्हणतो, रूपापेक्षा मनाचा गोडवा मोठा. दुसरा साधारण असं म्हणतो, की बुद्धी, धैर्य, घराणं सगळं असलं तरी वर पोचवणारी धर्ममाता किंवा धर्मपिता नसेल तर उपयोग नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर वशिला लागतो. दोन बोध शेजारी शेजारी ठेवले की वाचणाऱ्याला आपोआप कळतं की यातला एकही शेवटचा नाही.

आपल्याकडची जुनी पद्धत तर याहून वेगळी आहे. पंचतंत्रात बोधाचा श्लोक आधी येतो. कुणीतरी म्हणतं, अमुक करणाऱ्याची गत खुंटी उपटणाऱ्या माकडासारखी होते. ऐकणारा विचारतो, 'कथमेतत्?', म्हणजे हे कसं काय? मग गोष्ट सुरू होते. ती माकडाची गोष्ट करटक नावाचा कोल्हा दमनक नावाच्या दुसऱ्या कोल्ह्याला सांगतो. अर्धवट चिरलेल्या ओंडक्यात सुतारांनी खुंटी ठोकून ठेवलेली असते, माकड ती उपटतं आणि फटीत अडकून मरतं. करटकाचा मुद्दा स्पष्ट आहे: राजाच्या भानगडीत आपण नाक खुपसू नये. आणि दमनक काय करतो? ऐकून घेतो, आपला प्रतिवाद करतो आणि जायचं तिकडेच जातो. म्हणजे गोष्ट उत्तम झाली, बोध स्वच्छ होता, आणि ऐकणाऱ्याने तो सरळ नाकारला. पुढचं सगळं पहिलं तंत्र या नकारातून घडतं. बोध आधी सांगितला की गोष्टीला तो पटवून द्यावा लागतो, आणि ऐकणारा तपासत बसतो. शेवटी सांगितला की तपासायला काही उरत नाही.

मग शेवटची स्लाइड इतकी लाडकी का? माझ्या मते उत्तर मुलांत नाही, मोठ्यांत आहे. इन्स्टाग्रामवर खातं उघडायला वयाची अट तेरा वर्षांची आहे. चिऊ-काऊचं वय तीन ते सहा. त्यामुळे पोस्ट बघते ती आई, मावशी किंवा अंगणवाडीच्या ताई. सेव्ह करायचं की नाही, ग्रुपवर टाकायचं की नाही, हे त्या ठरवतात. आणि त्यांना पाच सेकंदांत पटवतं ते शेवटचं वाक्य: यातून मुलाला काहीतरी चांगलं मिळणार. तात्पर्याची स्लाइड म्हणजे पाकिटाच्या मागे छापलेलं 'व्हिटॅमिनयुक्त'. खाणाऱ्यासाठी नाही, विकत घेणाऱ्यासाठी. म्हणूनच तिचा स्क्रीनशॉट एकटाच ग्रुपवर फिरतो, गोष्ट मागेच राहते.

तर मग तात्पर्य कायमचं बंद? तसंही नाही. काही गोष्टींची बांधणीच एका बोधावर असते. 'लांडगा आला रे आला' घ्या. मुलगा दोनदा खोटं ओरडतो, गाव दोनदा धावतं, तिसऱ्यांदा धावत नाही. प्रत्येक पायरी त्या एकाच वाक्याकडे नेते, तिथे दुसरं तात्पर्य बसवून बघा, बसणारच नाही. हीच चाचणी सगळ्यात कामाची. नऊ स्लाइड तयार झाल्या की दहावीवर मुद्दाम उलटं तात्पर्य टाका आणि न बघितलेल्या मित्राला दाखवा. त्याला काहीच खटकलं नाही, तर एकतर गोष्टीला बोध नाही किंवा तुम्ही ती इतकी सपाट केली आहे की तिच्यावर काहीही चिकटतं. चिऊ-काऊची प्रचलित कॅरोसेल या चाचणीत सपशेल नापास होतात. सुरुवातीला सांगितलेली तीन तात्पर्यं त्याचाच पुरावा.

आता मी या दहा स्लाइड कशा वाटल्या असत्या ते सांगतो. फॉलो करायची विनंती कॅप्शनमध्ये जाईल, स्लाइडवर नाही. शीर्षकाची वेगळी स्लाइडही नको. पहिल्याच स्लाइडवर दोन्ही घरं आणि ढग, खाली एकच वाक्य. दुसरीवर पाऊस आणि वाहून गेलेलं घर. तिसरीपासून सातवीपर्यंत, म्हणजे सलग पाच स्लाइड, दार. चित्राची चौकट अजिबात हलवायची नाही. डावीकडे बाहेर कावळा, मधे बंद दार, उजवीकडे आत चिमणी आणि बाळ. दर स्लाइडला दोनच गोष्टी बदलतात. आत बाळ एक पायरी पुढे जातं: न्हाणं, पुसणं, टोपडं, काजळ, झोप. बाहेर पाणी एक बोट वर चढतं. मजकूर दहा-बारा शब्दांच्या पुढे नको, आणि वाक्याचा साचा तोच. 'काऊ म्हणाला, चिऊताई, मी भिजलो. चिऊ म्हणाली, थांब कावळेदादा, बाळाला पुसतेय.' पुढच्या वेळी फक्त 'पुसतेय'च्या जागी दुसरं काम. अजून वाचता न येणारं मूलही तिसऱ्या दारापर्यंत वाक्य स्वतः म्हणायला लागेल, आणि स्वाइप करायला बोट पुढे करेल. स्वाइप म्हणजे दार वाजवणं, हे त्याला कुणी सांगावं लागणार नाही. या माध्यमात एवढी एकच गोष्ट अशी आहे जी आजीकडे नव्हती. तिचा वापर करून घ्यायलाच हवा.

आठवीवर दार उघडतं. नववीवर शेवट. इथे निवड करावीच लागते, आणि ती तुमची. मी धान्याचा शेवट घेईन, कारण त्यात कावळा नुसता बिचारा राहत नाही. रात्रीचा अंधार, दोन डोळे, कुडुमकुडुम. कुणाला तवा हवा असेल तर तोही घ्या, पण मग चिमणीला गोड हसवू नका. चटका आणि आलिंगन एकाच स्लाइडवर ठेवलं की मुलं लगेच पकडतात.

दहाव्या स्लाइडवर 'तुम्हाला काय वाटतं? कमेंटमध्ये सांगा' असं लिहायचा मोह होईल. तो प्रश्न नाही, तो कमेंट वाढवायचा जुगाड आहे, आणि चार वर्षांचं मूल कमेंट करत नाही. प्रश्न चित्रातला हवा, ज्याचं उत्तर मागे जाऊन शोधता येईल. उदाहरणार्थ: 'काऊने दार किती वेळा वाजवलं?' मूल मागे स्वाइप करत जातं, मोजतं, आणि मोजता मोजता पाणी चढलेलं पुन्हा बघतं. उत्तर पाच. त्यानंतर ते मूल पुढचा प्रश्न स्वतःच विचारण्याची बरीच शक्यता आहे: मग तिने आधीच का नाही उघडलं? तिथे उत्तर द्यायला शेजारी माणूस लागतो.

आणि क्लायंट किंवा सर अडूनच बसले, की तात्पर्य पाहिजे म्हणजे पाहिजे? मग पेरोंचा रस्ता धरा. स्लाइडची मर्यादा आता वीस आहे, अकरावी टाकता येते. दहावीवर चिमणी पाहुण्यांना सांगतेय: 'दारात कुणीही आलं की लगेच उघडायचं नसतं.' अकरावीवर कावळा दुसऱ्या झाडावर, दुसऱ्या कावळ्याला सांगतोय: 'दार उघडायला इतका वेळ लावायचा नसतो.' दोघंही आपापल्या जागी ठाम. त्याखाली 'तात्पर्य' हा शब्द लिहायचा की नाही, ते सरांनाच विचारा.